मेंदी तशीच होती

'आधी'चा फोटो मी सकाळी अकराला काढला आणि 'नंतर'चा दुपारी दीडला. मधल्या अडीच तासांत त्या मुलीने केस धुऊन सेट करून घेतले, मेकअप केला आणि कपडे बदलले. पत्रक छापून आलं तेव्हा दोन फोटोंच्या मधे एक लाल बाण होता आणि बाणावर लिहिलं होतं, 'फक्त ८ आठवडे'.

ही २०११ सालची गोष्ट. शनिवार पेठेतला माझा स्टुडिओ तेव्हा नवीन होता. पासपोर्टचे फोटो, लग्नासाठीच्या बायोडेटाचे फोटो, सराफांच्या कॅटलॉगचं काम, असं चालायचं. कर्वे रोडवरच्या एका स्लिमिंग सेंटरने बोलावलं आणि नेहमीच्या दीडपट पैसे देऊ केले, तेव्हा मी फार विचारलं नाही. मॉडेल म्हणून त्यांनी त्यांच्याच रिसेप्शनवरची मुलगी उभी केली. पंचविशीची, चांगली सुदृढ. तिने त्या सेंटरमध्ये काम सोडून दुसरं काही केलेलं नव्हतं.

त्या दिवशी मी काय काय केलं ते नीट सांगते, कारण बहुतेकांना वाटतं की असे फोटो कॉम्प्युटरवर बसून 'बनवतात'. मी एकही फोटो कॉम्प्युटरवर बदलला नाही. पोट आत ढकललं नाही, कंबर कापली नाही. सगळं कॅमेऱ्यासमोर झालं.

सकाळी मालकांनी तिला पोटभर उपमा खायला आणि वर सोडा प्यायला लावला होता. तिला फिक्या राखाडी रंगाचा तंग टी-शर्ट आणि बेंबीखाली दोन बोटं बसणारी लेगिंग दिली. त्या इलॅस्टिकमुळे कोणाच्याही पोटाला वळी पडेल. दोन्ही पाय जोडून, खांदे पुढे पाडून, पोट सैल सोडून तिला उभं केलं. लाइट एकच, डोक्याच्या वर आणि जरासा पुढे. वरून पडणाऱ्या कडक उजेडात डोळ्यांखाली खड्डे दिसतात आणि पोटाच्या प्रत्येक वळीखाली सावली पडते. २८ एमएमची लेन्स लावून मी तिच्यापासून जेमतेम एक मीटरवर, कॅमेरा बेंबीच्या उंचीवर धरून बसले. इतक्या जवळून जे कॅमेऱ्याकडे आलेलं असतं ते फुगून दिसतं, आणि तिचं पोटच सगळ्यात पुढे होतं. मागे जिन्याची पोपडे आलेली भिंत होती.

दुपारी सगळं उलटं. तुळशीबागेतून माणूस पाठवून काळी, बेंबीच्या वरपर्यंत येणारी लेगिंग आणली होती, मुद्दाम एक नंबर मोठी, म्हणजे कुठे रुतणार नाही. मोठा सॉफ्टबॉक्स समोरून, चेहऱ्याच्या जरा वर. त्या पसरट उजेडात वळ्यांची सावलीच राहत नाही. ८५ एमएमची लेन्स लावून मी तीन मीटर मागे सरकले. तिला थोडं तिरकं उभं केलं, वजन मागच्या पायावर, खांदे मागे, मान लांब. कोपरं कंबरेपासून सुटी ठेवायला सांगितली, कारण हात आणि कंबर यांच्यामधून मागची पांढरी भिंत दिसली की कंबर आहे त्याहून बारीक वाटते. 'श्वास घे, धर, हस' असं म्हणून मी बटण दाबलं.

पुरुषांच्या जिमसाठी हाच लाइट उलटा लावतात. तिथे 'आधी'ला समोरून सपाट उजेड, म्हणजे पोटावर काही रेघच दिसत नाही, आणि 'नंतर'ला बाजूने किंवा वरून कडक उजेड, अंगाला तेल, फोटोच्या आधी पाच-दहा मिनिटं डंबेल मारून फुगवलेले स्नायू. हे मी पुढे दुसऱ्यांच्या सेटवर पाहिलं.

पत्रक एका रविवारी पेपरात घालून घरोघरी गेलं. आमच्याकडेही आलं. आई रविवारची पत्रकं वाचल्याशिवाय रद्दीत टाकत नसे. तिने चष्मा वर करून, कागद अगदी डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि म्हणाली, "अगं, हिची मेंदी आठ आठवडे टिकली होय?"

त्या मुलीच्या भावाचं लग्न फोटोंच्या चार दिवस आधीच झालं होतं. दोन्ही फोटोंत तिच्या हातावर तीच मेंदी होती, तितकीच गडद, उजव्या हाताच्या मधल्या बोटावर तेच कोयरीचं टोक. 'आधी'त हात सरळ खाली सोडलेला, 'नंतर'मध्ये कंबरेवर. मी दिवसभर लेन्समधून तिच्याकडे पाहत होते आणि मला ती दिसली नव्हती. मेंदी फार तर दोन-तीन आठवडे राहते.

आईला मी सांगितलं की फोटो मीच काढलेत. ती काही बोलली नाही. पत्रकाची घडी घालून तिने ते रद्दीत ठेवलं नाही, टेबलावर ठेवलं. तिथे ते बरेच दिवस होतं.

तेव्हापासून अशा जाहिराती मी आईच्या पद्धतीने बघते. पोटाकडे बघायचंच नाही, कारण सगळी कारागिरी तिथे केलेली असते. ज्याच्याकडे फोटो काढणाऱ्याचं लक्ष नसतं तिकडे बघायचं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणजे तीन महिन्यांनंतर कपाळावरची बट हनुवटीकडे सरकलेली दिसायला हवी, किंवा कापलेली तरी. नखांवरचं नेलपॉलिश त्याच जागी उडालेलं आहे का, हाताला बांधलेला धागा तितकाच नवा आहे का, हे पाहायचं. मग उजेड कुठून येतोय ते पाहायचं. हनुवटीखालची सावली एका फोटोत कडक आणि दुसऱ्यात गायब असेल, तर त्या दोन फोटोंची तुलनाच होऊ शकत नाही, मग माणूस खरंच बारीक झालेला असो वा नसो.

त्या वेळी मी स्वतःची समजूत घातली होती ती अशी : मी बायोडेटाचे फोटो काढते तेव्हा तरी काय करते? तिथेही मी मुलीला चांगल्या बाजूने बसवते, मऊ उजेड लावते, हनुवटी जरा खाली घ्यायला सांगते. मग यात वेगळं काय? हा प्रश्न मी बरीच वर्षं मनात घोळवला, आणि त्याचं उत्तर मला हळूहळू मिळालं. बायोडेटाच्या फोटोत एकच फोटो असतो. बघणाऱ्याला माहीत असतं की तो तयार होऊन काढलाय, आणि पंधरा दिवसांत ती माणसं समोरासमोर बसणार असतात. जाहिरातीत फोटो दोन असतात, आणि विकायला ठेवलेलं असतं ते त्या दोघांमधलं अंतर. बघणारी बाई त्या अंतराचे पैसे भरते. ते अंतर मी दोन लाइट आणि दोन लेन्स वापरून तयार केलं होतं. मन वळवणं आणि फसवणं यांच्यातली रेघ माझ्यापुरती तिथे आहे. सेंटर स्वच्छ दिसावं, तिथली माणसं हसरी दिसावीत, म्हणून मी लाइट लावला तर ते मन वळवणं. पैसे ज्या गोष्टीचे घेतायत तीच गोष्ट लाइटने तयार केली, तर ती फसवणूक.

त्या पत्रकावर दुसरा एक दावा होता, '१५ दिवसांत १२ इंच कमी!' त्याचं गणित मला तिथल्याच एका थेरपिस्ट बाईंनी नंतर समजावलं. वाचणाऱ्याला वाटतं, कंबर १२ इंच कमी. पण माप ११ ठिकाणी घेत : मान, छाती, दोन्ही दंड, कंबर, बेंबीवर, नितंब, दोन्ही मांड्या, दोन्ही पोटऱ्या. कुठे अर्धा, कुठे दीड इंच फरक आला की सगळे मिळवायचे. आणि अर्धा इंच आणायला काही करावं लागत नाही. पहिल्या दिवशी टेप सैल धरायची, संध्याकाळी जेवणानंतर मापायचं. शेवटच्या दिवशी टेप जरा ओढायची, सकाळी अनशापोटी मापायचं, 'श्वास सोडा' म्हणायचं. बेंबीवरचं माप बेंबीच्या दोन बोटं वर घेतलं तर एक इंच तिथेच सुटतो. वर त्या दिवशी अंगाला गरम पट्ट्या गुंडाळून घाम काढलेला असतो. पट्टी घट्ट बांधली की मोज्याच्या इलॅस्टिकखाली होतं तसंच मांसही काही तास दबून राहतं.

वजनाचं तसंच. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी असतात. '३० दिवसांत १० किलो' हा दावा चरबीचा धरला, तर ७७,००० कॅलरी ३० दिवसांत जायला हव्यात, म्हणजे रोज अडीच हजारांहून जास्त. बसून काम करणाऱ्या साधारण बाईचं शरीर दिवसभरात जाळतंच मुळी १८०० ते २००० च्या आसपास. म्हणजे महिनाभर तिने एक घासही खाल्ला नाही तरी हा हिशेब बसत नाही. पहिल्या आठवड्यात काटा दोन-तीन किलो खाली येतो हे मात्र खरं असतं. शरीर यकृतात आणि स्नायूंत साखर साठवून ठेवतं आणि त्या साखरेबरोबर तिच्या तिप्पट पाणी धरून ठेवतं. भात-पोळी बंद केली की आधी तो साठा जातो आणि पाणीही जातं. नेहमीचं जेवण सुरू झालं की दोन्ही परत येतं. पहिल्या आठवड्याचा तो आकडा दाखवूनच पुढच्या पॅकेजचे पैसे घेतात.

मी ते काम पुन्हा केलं नाही. पण 'आधी-नंतर' सोडलंही नाही. मला वाटलं, हेच काम प्रामाणिकपणे करता येईल. २०१६ मध्ये केसांच्या एका क्लिनिकचं काम आलं तेव्हा मी माझ्या अटी घातल्या. जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवल्या, पायांसाठी एक आणि ट्रायपॉडसाठी एक. लेन्स एकच, लाइट एकच, त्यांच्या जागाही ठरलेल्या. भिंत एकच, निळी. केस कोरडे, तेल नाही, भांग मधोमध. ओले केस चिकटून टाळू दिसते, म्हणून 'आधी'साठी केस ओले करणं ही या धंद्यातली सगळ्यात जुनी खोड आहे. प्रत्येक फोटोत तारखेची पाटी. क्लिनिकच्या डॉक्टरांनी हे सगळं मान्य केलं आणि मला फार बरं वाटलं होतं.

दोन वर्षांत तिथल्या सगळ्यात गाजलेल्या जोडीचे फोटोही मीच काढले. तिशीच्या आतली एक बाई, चार महिन्यांचं बाळ कडेवर घेऊन आली होती. भांग चांगला बोटभर रुंद झालेला, कानशिलांवर केस जवळजवळ नव्हतेच. ती रडली होती, डोळे लाल होते. सात महिन्यांनी ती परत आली त्याच खुणेवर उभी राहायला, तेव्हा भांग बारीक झाला होता आणि कपाळाच्या कडेने बोटभर लांबीचे नवे केस सरळ उभे होते. मी आनंदाने फोटो काढला. दोन्ही फोटो खरे, तारखा खऱ्या. ती जोडी फ्लेक्सवर लागली, बसच्या मागे लागली. खाली लिहिलं होतं, 'आमच्या उपचाराने ७ महिन्यांत'. तिने पॅकेजचे पंचेचाळीस हजार भरले होते.

मग २०२३ मध्ये माझ्या भाचीला मुलगी झाली. साडेतीन महिन्यांनी तिचा फोन आला, "मावशी, केस मुठीने येतायत गं." ती तेव्हा सिंहगड रोडला राहायची. मी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन गेले. त्यांनी केस पाहिले, हिमोग्लोबिन, आयर्न आणि थायरॉइडच्या तपासण्या लिहून दिल्या आणि समजावलं ते असं. डोक्यावरचा प्रत्येक केस आपल्या चालीने वाढतो, थांबतो, गळतो. एरवी रोज पन्नास ते शंभर केस जातात आणि कळतही नाही. गरोदरपणात हार्मोनमुळे बरेच केस वाढीच्याच टप्प्यात राहतात, म्हणून त्या दिवसांत केस दाट दिसतात. बाळंतपणानंतर ते हार्मोन झपाट्याने खाली येतात आणि थांबून राहिलेले केस एकदमच विश्रांतीच्या टप्प्यात जातात. ही विश्रांती दोन ते चार महिन्यांची असते, ती संपली की ते एकदमच गळतात. मुळं शाबूत असतात. बहुतेक बायकांचे केस सहा महिने ते वर्षभरात आपोआप भरून येतात. तपासणीत काही निघालं, किंवा वर्षभरानेही भरले नाहीत, तर या. फी दिली आणि आम्ही बाहेर पडलो.

रिक्षात बसल्या बसल्या मला ती निळी भिंत आठवली. चार महिन्यांचं बाळ. सात महिने. मोजून पाहिलं तर दुसरा फोटो काढला तेव्हा बाळ अकरा महिन्यांचं होतं. म्हणजे काहीही केलं नसतं तरी तिचे केस परत यायची वेळ तीच होती.

मला जी चिकटपट्टी, जी तारखेची पाटी, जी एकच लेन्स खरेपणाची हमी वाटत होती, तिने फक्त एवढंच सिद्ध केलं होतं की केस परत आले. कशाने आले हे कुठलाच कॅमेरा सांगू शकत नाही. ते सांगायचं असेल तर तशाच, तितक्याच महिन्यांच्या बाळंतिणी हव्यात, ज्यांनी काहीही घेतलं नाही, आणि त्यांचेही फोटो त्याच खुणेवर काढलेले हवेत. औषधांची परीक्षा अशीच करतात, अर्ध्या लोकांना औषध आणि अर्ध्यांना तसंच दिसणारं निरुपयोगी काहीतरी. फ्लेक्सवर त्या दुसऱ्या अर्ध्यांना जागा नसते. आणि इथे तर फोटो खरे असल्यामुळे फसवणूक पकडायला मेंदीही नव्हती.

त्या रात्री मी जुनी हार्ड डिस्क काढली. क्लिनिकच्या फोल्डरमध्ये 'आधी'चे ६१ जणांचे फोटो होते. 'नंतर'चे १४. त्या चौदांतले पाच जाहिरातीत गेले. उरलेले ४७ जण परत आलेच नाहीत. त्यांतल्या काहींना गुण आला असेल आणि यायला वेळ झाला नसेल, काहींनी मधेच सोडलं असेल. मला कळायला मार्ग नाही. पण फ्लेक्स पाहणाऱ्याला ते ४७ जण होते एवढं तरी कळायला हवं होतं. मी क्लिनिकला फोन करून विचारलं की पुढच्या जाहिरातीत '६१ पैकी ५' एवढं छापाल का, आणि बाळंतपणानंतरच्या केसांची जोडी काढून टाकाल का. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मॅडम, खाली आपण लिहितोच की, परिणाम व्यक्तीनुसार वेगळे असू शकतात."

ती ओळ मला माहीत होती. फ्लेक्सच्या तळाशी, चांदणीचं चिन्ह देऊन, मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत. वरचा सगळा मजकूर मराठीत. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चा, आणि त्याखाली फसव्या जाहिरातींबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं जून २०२२ मध्ये आली. त्यांत या चांदणीबद्दल स्पष्ट लिहिलंय की खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच अक्षरांत हवा, आणि मुख्य दाव्यातला खोटेपणा त्याच्याआड झाकता येणार नाही. फसव्या जाहिरातीला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी दहा लाखांपर्यंत दंड करू शकतं. लठ्ठपणाचं तर १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याच्या यादीत नावच आहे. तो बरा करणाऱ्या औषधाची जाहिरात करायलाच त्या कायद्याने बंदी आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर कोणालाही तक्रार नोंदवता येते. मी त्या फ्लेक्सचा फोटो काढून, तारीख आणि जागा लिहून, तक्रार नोंदवली. सोबत हेही लिहिलं की दोन्ही फोटो मी काढलेले आहेत.

भाचीला मात्र धीर हवा होता, आणि डॉक्टरांचं बोलणं पटूनही तिचा हात सारखा भांगाकडे जायचा. म्हणून मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिच्याकडे जायला लागले. तिच्या स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या खिडकीपाशी, त्याच फरशीवर, त्याच स्टुलावर बसवून वरून भांगाचा एक फोटो. आयर्न थोडं कमी निघालं होतं, त्याच्या गोळ्या ती घेत होती. बाकी काही नाही, तेलसुद्धा नेहमीचंच. पाचव्या महिन्याचा फोटो सगळ्यात वाईट होता. सहाव्यात काही फरक नव्हता, आणि ती माझ्यावर चिडली. आठव्या महिन्यात कपाळाच्या कडेने बारीक केस उभे राहिलेले दिसले, कंगव्याला न जुमानणारे. अकराव्या महिन्यात लेक तिच्या मांडीवर उभी राहून तेच केस मुठीत धरून ओढत होती. त्यामुळे तो फोटो जरा हललेला आहे.